कबड्डीचा सराव बघायला जाताना: काय बघायचं, काय मोजायचं, काय बोलायचं

एखाद्या प्रशिक्षकाचा सराव बघून या असं सांगितलं की बहुतेक लोक मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसतात, चहा घेतात, दीड तास प्रशिक्षकाकडे बघतात आणि शेवटी म्हणतात, "छान घेताय. जरा मुलांना अजून सक्रिय ठेवा." सर मान डोलावतात. दुसऱ्या दिवशी सराव होता तसाच होतो. निरीक्षण असं करायचं असेल तर न केलेलं बरं, कारण त्या प्रशिक्षकाला पुढच्या वेळी कुणी बघायला यावंसंच वाटत नाही.

मी कबड्डीबद्दल लिहितोय, कारण मला तीच जवळून माहीत आहे. आणि निरीक्षण शिकायला तिच्याइतका चांगला खेळ नाही. चढाई चालू असताना मैदानात खरोखर हलणारी मुलं मोजकी असतात, बाकीची बघत असतात. त्यामुळे 'सराव जोरात चालू आहे' असं लांबून वाटतं आणि जवळून मोजलं की दुसरंच निघतं. शिवाय खेळ अंगाला अंग भिडवण्याचा, त्यामुळे सुरक्षिततेच्या चुका लपत नाहीत.

खाली जे सराव-सत्र घेतलंय ते किशोर गटाचं, मातीच्या मैदानावरचं, सकाळी साडेसहा ते आठ. मुलं 20, प्रशिक्षक एकच. त्या दिवसाचा विषय घोट्याची पकड. प्रशिक्षक तरुण, मनापासून काम करणारे. मी त्यांना 'सर' म्हणतो, तेही मला 'सर'च म्हणतात.

आदल्या दिवशीचं बोलणं

निरीक्षण मैदानावर सुरू होत नाही, आदल्या संध्याकाळच्या फोनवर सुरू होतं. दहा मिनिटं पुरतात, पण प्रश्न नेमके हवेत. उद्या सराव संपल्यावर मुलांना कोणती एक गोष्ट आजच्यापेक्षा बरी जमली पाहिजे? ती जमली की नाही हे तुम्हाला कशावरून कळेल? वीसऐवजी बाराच आली तर काय कराल? कुणाचा गुडघा, खांदा, घोटा दुखतोय का?

या चार प्रश्नांत नियोजनाचं बरंचसं निरीक्षण होऊन जातं. आमच्या सरांच्या वहीत उद्याच्या पानावर तीन शब्द होते: वॉर्मअप, घोटा पकड, मॅच. हे नियोजन नव्हे, क्रम आहे. पण लगेच तसं म्हणायचं नाही. मी विचारलं, "घोट्याच्या पकडीतलं उद्या नेमकं काय?" थोडा वेळ गेला आणि सर म्हणाले, "मुलं पाय धरतात, पण डोकं समोर ठेवतात. मग गुडघा तोंडावर बसतो. डोकं बाहेर काढायला शिकवायचंय." इथे खरं उद्दिष्ट सापडलं. ते सरांच्या डोक्यात होतं, फक्त वहीत उतरलेलं नव्हतं. मी म्हटलं, तेवढं वाक्य वहीत लिहा. उद्या मी तेवढंच बघेन.

त्याच फोनवर आणखी दोन गोष्टी ठरवून घ्यायच्या. पहिली, मी सराव चालू असताना मध्ये बोलणार नाही. पण कुणाला इजा होण्यासारखं दिसलं तर सरळ आत येईन, आणि त्याचा राग धरायचा नाही. दुसरी, मोबाइलवर चित्रण करायचं की नाही. मुलं अठराच्या आतली आहेत. पालकांची लेखी परवानगी नसेल तर चित्रण नाही, आणि वहीतही मुलांची नावं नाहीत. 'पिवळा शर्ट', 'निळी पट्टी' एवढं पुरतं.

पंधरा मिनिटं आधी पोचा

सुरक्षिततेची निम्मी पाहणी मुलं यायच्या आधी होते. मैदानाच्या चारही रेषांवरून अनवाणी, किंवा पातळ तळव्याच्या चपलेने, एक फेरी मारायची. किशोर गटाचं मैदान 11 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद, म्हणजे ही फेरी दोन मिनिटांची. खडे पायाला लागतात, डोळ्याला दिसत नाहीत. माती कुठे घट्ट झालीय आणि कुठे भुसभुशीत आहे, तेही पायालाच कळतं. एकाच मैदानात दोन तऱ्हेची माती असेल तर धावत आलेला पाय एकीकडे घसरतो आणि दुसरीकडे रुततो. रुतलेल्या पायावर अंग फिरलं की गुडघा जातो.

मग रेषांच्या बाहेर बघायचं. पकड सुटताना मुलं रेषेवर थांबत नाहीत, दोन-तीन मीटर पुढे जाऊन पडतात. त्या दिवशी अंतिम रेषेपासून जेमतेम दोन पावलांवर लोखंडी रोलर उभा होता. तो रोज तिथेच असतो, म्हणूनच कुणाला दिसत नव्हता. बाहेरून आलेल्या निरीक्षकाचा खरा उपयोग असा होतो.

रेषा कशाने मारल्यात तेही विचारावं. खडूची पूड असेल तर ठीक. चुना असेल तर तो डोळ्यात गेल्यावर भाजतो, आणि कबड्डीत तोंड मातीला लागणं रोजचंच. मग प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे, ती उघडते का, पाणी किती आहे, जवळचं हॉस्पिटल कुठलं, मुलाला तिथे न्यायची वेळ आली तर उरलेल्या एकोणिसांपाशी कोण थांबणार? शेवटच्या प्रश्नाला एकटे प्रशिक्षक बहुतेक वेळा गप्प बसतात. ते नोंदवायचं आणि पुढे जायचं, तिथेच उपाय शोधत बसायचं नाही.

मुलं आल्यावर नखं, अंगठ्या, कडी, गळ्यातले गोफ. नियमाप्रमाणे खेळाडूची नखं कापलेली असली पाहिजेत आणि अंगावर दागिना चालत नाही. हे सामन्यात पंच बघतात. सरावात कुणी बघतं का, हे तुम्ही बघा. आमच्याकडे एका मुलाच्या हातात कडं होतं आणि ते शेवटपर्यंत होतं.

कुठे बसायचं आणि वहीचं पान कसं आखायचं

प्रशिक्षकाच्या मागे बसू नका. मागे बसलं की प्रशिक्षक काय बघतो तेच तुम्हाला दिसतं, आणि तुम्हाला तर त्याला न दिसणारं टिपायचंय. मी मैदानाच्या कोपऱ्यात, रेषेपासून पाच-सहा मीटर लांब बसतो. तिथून दोन्ही अर्धे दिसतात आणि रांगेचं शेपूटही दिसतं. रांगेच्या शेपटाकडे काय चाललंय यावरून सरावाची नाडी कळते.

पानाच्या डाव्या कडेला वेळ. मधल्या रुंद भागात जे दिसलं आणि ऐकू आलं ते, शक्यतो जसंच्या तसं. उजवीकडे अरुंद पट्टी, तिच्यात तुमचं मत. ही पट्टी मुद्दाम अरुंद ठेवायची. 'मुलं कंटाळली' हे मत आहे. '7.16, रांगेतली सहा मुलं मातीत रेघोट्या मारतायत' हे दिसलेलं आहे. नंतर सरांशी बोलताना पहिल्या वाक्यावर वाद होतो, दुसऱ्यावर होत नाही.

दहापैकी गुण देणारे छापील तक्ते मीही काही वर्षं वापरले. 'सूचनांची स्पष्टता: 7' असं लिहून प्रशिक्षकाच्या हातात देतो तेव्हा आपण त्याला काय दिलं? सातचे आठ करायला त्याने उद्या सकाळी काय करायचं, हे त्या आकड्यात कुठेच नसतं.

वेळेची नोंद

पहिलं काम सोपं आहे. सरावाचा प्रत्येक टप्पा बदलला की घड्याळ बघून लिहायचं. त्या दिवसाचं पान असं निघालं.

हजेरी आणि जमवाजमव 7 मिनिटं. वॉर्मअप 20. घोट्याच्या पकडीची माहिती आणि प्रात्यक्षिक 11. जोड्यांचा सराव 20. पाणी 6. मॅच 22. शेवटचं बोलणं 4. बेरीज 90.

विषय पकडीचा, आणि पकडीचा हाताने सराव 20 मिनिटं. हे काही वाईट नाही. पण ही वीस मिनिटं सरांची होती, मुलांची नव्हे. कारण जोड्या एकामागून एक सरांसमोर येत होत्या. एक मुलगा चढाई करत येणार, दुसरा घोटा धरणार, सर दुरुस्ती सांगणार, मग अदलाबदल, मग पुढची जोडी. मी रेघा मारून मोजल्या: वीस मिनिटांत 40 पकडी, म्हणजे अर्ध्या मिनिटाला एक. ऐकायला भरपूर वाटतात. वीस मुलांत वाटल्या की प्रत्येकाच्या वाट्याला दोन.

दोन पकडींत डोकं बाहेर काढायची सवय लागत नाही. या एका भागाकाराने त्या सकाळचं सगळं चित्र बदललं. सरांना वाटत होतं मुलं लक्ष देत नाहीत. पण मुलांना ती गोष्ट करून बघायला मिळालीच नव्हती.

किती मुलं खरंच खेळतायत: नजर फिरवून मोजणी

यासाठी पद्धत अशी. दर चार मिनिटांनी मैदानाच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत एकदा नजर फिरवायची, फार तर दहा सेकंद. त्या क्षणी दिवसाच्या विषयाशी संबंधित काही करत असलेली मुलं मोजायची आणि आकडा लिहायचा. पळत असलेला प्रत्येक जण धरायचा नाही. पाणी आणायला पळणारा मुलगा घामाघूम असतो, पण शिकत नसतो. उलट, हातात काम नसलं तरी जोडीदाराची पकड बारकाईने बघून त्याला काही सांगणारा मुलगा वेगळ्या खुणेने मोजायचा. तो बसलेला दिसतो, पण सरावात आहे.

जोड्यांच्या सरावात माझे पाच आकडे आले: 2, 3, 2, 2, 3. सरासरी 2.4, म्हणजे वीसपैकी बारा टक्के. मॅचमध्ये आले 8, 7, 6, 8, 5, सरासरी 6.8, म्हणजे चौतीस टक्के. हे का, ते कबड्डी जाणणाऱ्याला लगेच कळेल. एक चढाईपटू आणि समोरचे सात बचावपटू मिळून आठ. चढाईपटूचे सहा सोबती आपल्या अर्ध्यात उभे, आणि वीसांतले सहा तर मैदानाबाहेरच. गडी बाद होत गेले की आठाचे पाच होतात. आणि बाद कोण होतं? कच्चा मुलगा. म्हणजे ज्याला सरावाची गरज जास्त, तोच रेषेबाहेर जास्त बसतो. सामन्यात हा न्याय आहे, सरावात नाही.

एका गोष्टीची काळजी घ्या. हा आकडा प्रत्येक वेळी जास्तच हवा असं नाही. दमसासाच्या जोरकस कामानंतर मुलं बसली असतील तर ती विश्रांती आहे, आणि ती हवीच. डाव समजावून सांगताना सगळे उभे राहून ऐकणारच. म्हणून आकड्याशेजारी टप्पा लिहायला विसरू नका, नाहीतर नंतर पाण्याची सुट्टीही तुम्ही 'निष्क्रिय वेळ' म्हणून सरांच्या माथी माराल.

सरासरीत काही मुलं हरवतात. त्यासाठी सराव सुरू होताना रांगेतली तीन मुलं निवडायची आणि शेवटपर्यंत त्यांच्यावर डोळा ठेवायचा. निवड आपल्या मर्जीने केली की नजर आपोआप चपळ मुलांकडे जाते, म्हणून मी आधीच ठरवलेले क्रमांक घेतो: चौथा, नववा, पंधरावा. त्या दिवशी पंधरावा म्हणजे पिवळा शर्ट. नव्वद मिनिटांत त्याने दोन पकडी केल्या आणि मॅचमध्ये एक चढाई, तीही निदान रेषा ओलांडून लगेच परतलेली. जोड्यांच्या रांगेत तो तीन वेळा हळूच मागे सरकला. त्याच्यापुढे आपला नंबर लागतोय म्हणून कुणी तक्रार केली नाही. हे सरांना दिसणं शक्य नव्हतं, त्यांचं लक्ष समोरच्या जोडीवर होतं आणि ते तिथेच असायला हवं होतं.

सूचना: किती, कुणाला, कशाबद्दल

सर अकरा मिनिटं बोलले. चांगलं बोलले. पकड किती उंचीवर, अंगठा कुठे, डोकं कुठे, पाय आपल्याकडे ओढायचा, उचलायचा, कोपऱ्याने कधी निघायचं, साखळीने कधी यायचं. सात मुद्दे झाले. शेवटी विचारलं, "समजलं का?" वीस जण एका सुरात, "हो सर!"

'समजलं का' हा प्रश्न नाही, तो टाळीचा इशारा आहे. समजलं की नाही याची खूण पुढच्या दोन मिनिटांत मिळते: पहिल्या तीन जोड्यांकडे बघायचं आणि सांगितलेल्यातलं काय उतरलंय ते टिपायचं. तीन जोड्या म्हणजे सहा मुलं. त्यातल्या पाचांचं डोकं गुडघ्यासमोरच होतं. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी आजचा दिवस होता, ती सात मुद्द्यांत तिसरी होऊन विरघळली होती.

मी मध्येच जागा बदलून मुलांच्या मागे गेलो, तेव्हा आणखी एक कळलं. सातच्या सुमाराचं ऊन सरांच्या पाठीमागून येत होतं आणि मुलं डोळे बारीक करून बघत होती. शिवाय प्रात्यक्षिक एकाच बाजूने झालं. घोट्याच्या पकडीत डोकं बाहेर आहे की नाही हे समोरून दिसतं, बाजूने उभं राहणाऱ्याला दिसत नाही. अर्धी मुलं चुकीच्या बाजूला होती. सूचना स्पष्ट असूनही ती पोचली नाही, आणि कारण शब्दांत नव्हतं, उभं राहण्याच्या जागेत होतं. म्हणून प्रात्यक्षिकाच्या वेळी निरीक्षकाने एकदा तरी मुलांच्या मागे उभं राहून बघावं.

मग दुरुस्त्या. वहीत तीन रकाने करून रेघा मारायच्या. पहिल्यात नुसतं कौतुक किंवा नुसती ओरड: "शाब्बास", "अरे लक्ष कुठंय". दुसऱ्यात चूक झाली एवढंच सांगणारं: "चुकलं", "असं नाही". तिसऱ्यात काय करायचं ते सांगणारं: "कान त्याच्या मांडीला बाहेरून टेकव". सरांचे त्या वीस मिनिटांत 46 उद्गार झाले. पहिल्या रकान्यात 19, दुसऱ्यात 15, तिसऱ्यात 12. आणि तिसऱ्यातल्या बारांपैकी नऊ चारच मुलांना, जी आधीच चांगली खेळतात.

या रकान्यांची कल्पना नवी नाही. अमेरिकेत 1974-75च्या हंगामात दोन अभ्यासकांनी यूसीएलए विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन यांचे पंधरा सराव बघून त्यांचा प्रत्येक उद्गार असाच नोंदवला. दोन हजारांहून जास्त नोंदींतला निम्मा भाग निव्वळ 'काय करायचं, कसं करायचं' असा होता. नुसतं कौतुक आणि नुसती नाराजी प्रत्येकी सात टक्क्यांच्या आसपास. आपल्या किशोर गटातल्या मुलांना वुडन यांच्या कॉलेजच्या खेळाडूंपेक्षा शाब्बासकी जास्त लागेल, हे उघड आहे. तरी तिसरा रकाना सगळ्यात लहान असणं बरं नाही.

मुलींचा सराव पुरुष प्रशिक्षक घेत असतील तर आणखी एक नोंद करावी: पकड दाखवताना सर स्वतः हात लावतात की दोन मुलींना पुढे घेऊन दाखवतात. हात लावावाच लागला तर आधी सांगतात का, सगळ्यांसमोर आणि उघड्यावर करतात का. यात संशय घ्यायचा नसतो. हे लिहून ठेवलेलं मुलींच्या आणि सरांच्या, दोघांच्याही भल्याचं असतं.

सरावातली सुरक्षितता, आणि आत जायची वेळ

पकडीच्या सरावात मी तीन गोष्टींकडे टक लावतो. जोडीदार अंगाने सारखे आहेत का. रांगेत शेजारी उभा म्हणून जोडी लावली की तीस किलोचा मुलगा पन्नास किलोच्या समोर येतो. शिट्टी झाल्यावर हात सुटतात का. पकड धरायला शिकवतात, सोडायला कुणी शिकवत नाही. आणि मदतीला येणारा कुठून येतो. एकाने घोटा धरलाय, पाय अडकलाय, आणि दुसरा बाजूने कमरेवर कोसळला तर खालचा पाय जागेवर आणि वरचं अंग फिरलेलं. गुडघ्याच्या वाईट दुखापती अशाच होतात. हे दिसलं तर प्रशिक्षकाने पकडीनंतर दुसऱ्याला यायला बंदी घातलीय का, की नुसतं "सांभाळून" म्हटलंय, ते लिहायचं.

मॅचच्या नवव्या मिनिटाला जे झालं ते सांगतो. डाव्या कोपऱ्याच्या मुलाने घोटा धरला, डोकं समोर, आणि चढाईपटूचा गुडघा त्याच्या हनुवटीवर बसला. मुलगा खाली बसला, दोन सेकंद मातीकडे बघत राहिला, मग उठला. सरांनी विचारलं, "ठीक आहेस ना?" "हो सर." आणि तो परत कोपऱ्यावर.

इथे मी वही ठेवून आत गेलो. मुलांना 'ठीक आहेस ना' विचारलं की उत्तर एकच येतं, नाहीतर जागा जाते. त्याऐवजी विचारायचं: आत्ता कुठला संघ पुढे आहे, शेवटची चढाई कुणी केली, डोकं दुखतंय का, मळमळतंय का, उजेड खुपतोय का. चालायला लावून तोल बघायचा. या मुलाला शेवटची चढाई आठवेना. डोक्याला मार लागल्याची एवढी शंका पुरेशी असते: त्या दिवसापुरता खेळ बंद, 'थोडं बसून बरं वाटलं' तरी परत आत नाही. एकटं घरी पाठवायचं नाही, पालकांना फोन, डॉक्टरांकडे दाखवायला सांगायचं, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पकडीचा खेळ नाही. उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटका यातलं काही दिसलं तर फोनची वाट न बघता हॉस्पिटल.

मी आत गेलो तेव्हा सरांना मुलांसमोर काही बोललो नाही. "सर, याला मी घेऊन बसतो, तुम्ही खेळ चालू ठेवा," एवढंच. ठरलेलं होतं, म्हणून ते सहज झालं.

नंतरचं बोलणं

मुलं गेल्यावर वीस मिनिटं. मुलांसमोर नाही, मैदानाच्या फाटकात उभ्याउभ्याही नाही. पहिलं बोलणं सरांचं: आज काय जमलं असं तुम्हाला वाटलं? ते बोलत असताना वही मिटलेली. मग वेळेचं पान समोर ठेवायचं आणि गप्प बसायचं. आमचे सर चाळीस भागिले वीस स्वतःच म्हणाले. मी तो भागाकार मोठ्याने केला असता तर त्याची टीका झाली असती.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र असं थांबायचं नाही. रोलर आज हलवा, कडं उद्यापासून बंद, डोक्याला मार लागला की त्या दिवशी परत खेळ नाही. हे चर्चेचे विषय नाहीत, आणि तसं स्पष्ट सांगावं.

बाकी सगळ्यातून बदल एकच निवडायचा, आणि तो प्रशिक्षकाने निवडायचा. माझ्या वहीत आठ गोष्टी होत्या. सरांनी घेतली ती जोड्यांच्या रांगेची. आम्ही तिथेच मातीत काडीने आखलं: मैदानाच्या प्रत्येक अर्ध्याचे उभे दोन भाग, म्हणजे साडेपाच बाय चार मीटरच्या चार जागा. चारचा एक असे पाच गट. चार गट आत पकडीवर, पाचवा बाहेर रेषेवर चढाईच्या पावलांवर. दर तीन मिनिटांनी गट पुढे सरकणार. प्रत्येक चौघांत दोघे पकड करणार, तिसरा समोर उभा राहून फक्त डोकं बघणार आणि "आत" किंवा "बाहेर" एवढंच म्हणणार, चौथा पुढचा.

सरांनी लगेच अडचण काढली, आणि ती रास्त होती: "चार ठिकाणी पकडी चालू असताना मी सगळीकडे कसा बघू?" बघता येणार नाहीच. म्हणून या भागात चढाईपटू फक्त चालत येईल, पळत नाही. घोटा धरून डोकं बाहेर आलं की तिथेच सोडायचं, पाडायचं नाही. सर मधे न उभे राहता मैदानाबाहेरून फिरतील, म्हणजे कुठलाही गट पाठीमागे जाणार नाही. पूर्ण जोराची पकड नंतर, एका वेळी एकच, सरांसमोर.

दोन आठवड्यांनी पुन्हा गेलो. पहिल्या वेळेइतकंच मोजलं, तसंच, त्याच जागेवरून. पकडीवर प्रत्येक मुलाला पंधरापैकी बारा मिनिटं मिळाली. पकडीला साधारण 18 सेकंद लागत होते, म्हणजे गटाच्या चाळीस पकडी, एकेकाच्या दहा. नजर फिरवून आलेले आकडे: 11, 12, 10, 11, 11. सुरुवातीचं बोलणं साडेतीन मिनिटांवर आलं होतं आणि सर उन्हाकडे तोंड करून उभे होते, मुलांच्या पाठीला ऊन. पहिल्या सहा मुलांपैकी चौघांचं डोकं बाहेर होतं.

नवीन भानगडही झाली. पहिल्यांदा गट बदलताना दोन मिनिटं गोंधळ उडाला, कोणी कुठे जायचं ते कळेना, आणि एका गटातली दोन मुलं तेवढ्यात खरी कुस्ती खेळून घेऊन मोकळी झाली. दुसऱ्या बदलाला चाळीस सेकंद लागले. तेही पानावर गेलं. एका सकाळच्या आकड्यांवरून फार मोठं काही म्हणता येत नाही. मी आलोय म्हटल्यावर सर आणि मुलं दोघंही थोडी जास्त शहाणी वागतात, म्हणून मी तिसऱ्यांदा न सांगता जायची परवानगी आधीच मागून ठेवली.

पिवळा शर्ट दुसऱ्या वेळी तिसऱ्या गटात होता. चौघांत मागे सरकायला जागा नसते. त्याच्या नऊ पकडी झाल्या, सहांत डोकं बाहेर. सातव्या वेळी त्याच्यासमोर "आत, आत" ओरडणाऱ्या मुलाला तो म्हणाला, "कळलं रे, जरा थांब," आणि स्वतःच सोडून पुन्हा धरलं.

वहीच्या पानाची एक प्रत सरांकडे दिली, मूळ माझ्याकडे. तिसरी प्रत कुणालाच नाही, संस्थेच्या अध्यक्षांनाही नाही. त्यांना फक्त रोलरचं आणि एकट्या प्रशिक्षकाला मदतनीस मिळण्याचं वेगळं पत्र गेलं.